केबिनमध्ये बोलावण्याआधी पत्रात काय लिहायचं?

वाचकाचं पत्र : "शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी एकटीच एचआर बघते. सव्वाशेच्या आसपास कामगार आहेत. नेमणूकपत्रात 'कंपनीचे स्थायी आदेश लागू राहतील' असं छापलेलं आहे. कोअर शॉपमधला एक जुना कामगार दुसऱ्या पाळीत वेळेआधी मशिन सोडून गेला आणि त्यानं सुपरवायझरला शिवीगाळ केली, अशी तक्रार आली. चार्जशीट दिली. उत्तरात तो म्हणतो, मशिन अडकलं म्हणून मेंटेनन्सला बोलवायला गेलो, शिवी दिली नाही. आणि उलट हाच सुपरवायझर तीन महिने माझा ओव्हरटाइम मांडत नाही. मालक म्हणतात, 'केबिनमध्ये बोलवा, सुपरवायझरलाही बसवा, दोन्ही विषय एकदाच मिटवा.' मी नेटवरून नमुना घेऊन नोटीस लिहिली आहे. सोबत मसुदा आणि पाळीपत्रक जोडलंय. नमुन्यात सोबत एकाला आणण्याचा हक्क होता, तो मालकांनी काढायला सांगितला. म्हणाले, एखादा पुढारी येऊन बसेल. पत्र कडक असावं की मऊ? ते वाक्य ठेवू की काढू?"

उत्तर :

तुमचा मसुदा दोनदा वाचला. कडक-मऊचं नंतर बघू, कारण त्याआधीचा एक प्रश्न त्यात सुटलेला नाही. ही बैठक नेमकी कसली आहे?

मालकांच्या डोक्यात ती समजुतीची बैठक आहे: बोलवायचं, दोघांचं ऐकायचं, एकाला दम द्यायचा, दुसऱ्याला चार शब्द सांगायचे. चार्जशीट द्यायच्या आधी असं काही केलं असतं तर चाललं असतं. प्राथमिक विचारपूस प्रत्येक कारखान्यात होते आणि तिला फारसे नियम नसतात. पण चार्जशीट हातात पडल्यावर कामगाराला ठाऊक झालेलं असतं की प्रकरण नोकरीपर्यंत जाऊ शकतं. त्यानंतर त्याला आरोपांबद्दल समोर बसवून प्रश्न विचारलेत, तर कागदावर तुम्ही 'मीटिंग' लिहा नाहीतर 'चर्चा', ती चौकशीच असते. उद्या प्रकरण लेबर कोर्टात गेलं तर चौकशी रीतसर आणि न्याय्य झाली का, यावर तिथं पहिला वाद होईल, आणि तो वाद तुमच्या या एका पानापासून सुरू होईल. म्हणून विषयाच्या ओळीतच स्पष्ट लिहा : 'आरोपपत्रासंदर्भात चौकशीची पहिली बैठक'. चौकशी नकोच असेल, नुसती समज देऊन विषय संपवायचा असेल, तर तेही करता येतं. पण मग त्या बैठकीतून बडतर्फी निघणार नाही, हे मालकांनी आधी मान्य करायला हवं. समज देण्याच्या बैठकीला बोलवायचं आणि तिथल्या बोलण्यावरून कामावरून काढायचं, असं दोन्ही बाजूंनी चालत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. सुपरवायझर हा तक्रारदार आणि साक्षीदार आहे. तो टेबलाच्या मालकांच्या बाजूला बसू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली मीनग्लास टी इस्टेटच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं : ज्याच्याशी प्रसंग घडला त्यानंच चौकशी करायची नसते, आणि आधी व्यवस्थापनाच्या साक्षी कामगारासमक्ष व्हायला हव्यात, मग कामगाराला विचारायचं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. कामगाराला आत बोलावतात आणि पहिलाच प्रश्न येतो, 'का केलंस?' अख्ख्या केबिनचा निकाल त्या प्रश्नात आधीच लागलेला असतो. सुपरवायझरला बोलवा, पण साक्षीपुरतं, आणि त्याची पाळी येईपर्यंत त्याला बाहेर थांबू द्या.

चौकशी अधिकारी कोणाला नेमायचं? मालक नकोत, कारण शेवटी शिक्षेचा आदेश त्यांच्याच सहीनं निघणार आहे. तुम्हीही नको, चार्जशीट तुमच्या हातची आहे. अकाउंट्सचे प्रमुख किंवा क्वालिटीचे मॅनेजर, ज्यांचा त्या रात्रीशी संबंध नाही, असे कोणी चालतील. बाहेरचा वकीलही नेमता येतो. मात्र व्यवस्थापनाची बाजू मांडायला कायद्याचं शिक्षण घेतलेला माणूस उभा केलात, तर कामगारालाही वकील मागता येतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं. सव्वाशे माणसांच्या फाउंड्रीत दोन्हीकडे वकील नसलेलेच बरे. दोन बैठकांत संपणारं काम वर्षभर चालतं.

आता तुमच्या मसुद्यातलं पहिलं वाक्य बघा : 'आपण दि. … रोजी कर्तव्यात कसूर करून मशिन सोडून पळून गेलात व वरिष्ठांना अर्वाच्य शिवीगाळ केलीत, सदर गैरवर्तनाबद्दल आपणावर कारवाई करणेकामी दि. … रोजी हजर राहावे.' हे कडक आहे असं तुम्हाला वाटतं, पण खरं म्हणजे ते अवेळी आहे. कसूर केली, पळून गेला, शिवीगाळ केली, हे सगळं या वाक्यात सिद्ध झालेलं आहे आणि फक्त कारवाई उरली आहे. मग चौकशी कशासाठी, असं समोरच्या वकिलानं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही. शिवाय त्याचा खुलासा तुम्हाला मिळालेला असताना पत्रात त्याचा उल्लेखही नाही. तो वाचलाच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

तटस्थ लिहायचं म्हणजे गुळगुळीत लिहायचं असं नाही. 'काही बाबींवर चर्चा करावयाची आहे' असंही पत्र मी पाहिलेलं आहे. ते वाचून कामगाराला कळतच नाही की काय घेऊन यायचं, कोणाला आणायचं, किती घाबरायचं. तारीख, पाळी, वेळ, मशिन, आरोपाचे शब्द, सगळं नेमकं हवं. फरक एवढाच की प्रत्येक गोष्ट कोणाचं म्हणणं आहे ते दिसलं पाहिजे. तक्रारीत असं म्हटलं आहे, खुलाशात आपण असं म्हटलं आहे, आणि व्यवस्थापनानं अजून काही ठरवलेलं नाही. 'पळून गेलात' ऐवजी 'मशिन सोडून गेल्याचे तक्रारीत नमूद आहे'. 'अर्वाच्य' हे विशेषण काढा. तक्रारीत जे शब्द आले असतील ते चार्जशीटमध्ये जसेच्या तसे असू द्या, नोटिशीत पुन्हा उगाळू नका. 'यापूर्वीही आपली वर्तणूक असमाधानकारक होती' ही ओळ तर पूर्ण काढा. जुने मेमो शिक्षा ठरवताना बघायचे असतात, आरोप खरा की खोटा हे ठरवताना नाही.

पत्र मराठीत द्या. नमुन्यामुळे तुमचा मसुदा अर्धा इंग्रजीत आहे आणि कामगार जेमतेम आठवीपर्यंत शिकलेला आहे, असं तुम्हीच मार्जिनमध्ये लिहिलंय. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांत, चौकशीचं कामकाज इंग्रजी, हिंदी किंवा मराठीत, कामगाराच्या आणि त्याच्या बचाव प्रतिनिधीच्या पसंतीनं चालवावं असं आहे. त्याला न समजणाऱ्या भाषेतली नोटीस ही न दिल्यासारखीच.

ज्या वाक्यावरून वाद आहे त्याच्याकडे वळू. तुमचा नमुना ब्रिटनमधला आहे, हे त्यातल्या शब्दांवरून दिसतं. तिथं १९९९ च्या एम्प्लॉयमेंट रिलेशन्स ॲक्टच्या कलम १० नं कामगाराला शिस्तीच्या किंवा तक्रारीच्या सुनावणीला सोबती आणायचा हक्क दिला आहे. तो सोबती सहकारी असतो किंवा युनियनचा माणूस. तो कामगाराची बाजू मांडू शकतो, त्याच्याशी सल्लामसलत करू शकतो, पण कामगाराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या वतीनं देऊ शकत नाही. तुमच्या मसुद्यात नेमकं हेच राहून गेलंय : हक्काची ओळ मालकांनी खोडली, पण खालची 'सोबतच्या व्यक्तीस उत्तरे देता येणार नाहीत' ही ओळ तशीच आहे. म्हणजे माणूस आणायची परवानगी नाही आणि आणलेल्या माणसावर बंधन मात्र आहे!

आपल्याकडचा हक्क त्या इंग्रजी कायद्यातून येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६० साली कलिंदी विरुद्ध टाटा लोकोमोटिव्ह या प्रकरणात सांगितलं होतं की अंतर्गत चौकशीत प्रतिनिधी आणण्याचा कामगाराला मूळचा असा हक्क नाही. स्थायी आदेश देत असतील तर आहे. आणि महाराष्ट्राचे आदर्श स्थायी आदेश तो देतात. चौकशीला सामोरा जाणारा कामगार स्वतः बाजू मांडू शकतो, किंवा त्याच्याच खात्यातला कामगार त्याचा बचाव करू शकतो, किंवा तो ज्या संघटनेचा सभासद आहे तिचा पदाधिकारी. तुमच्या नेमणूकपत्रात स्थायी आदेश लागू असल्याचं तुम्हीच छापलं आहे. तेव्हा ती ओळ खोडणं मालकांच्या मर्जीचा भाग उरत नाही.

इथं कोणी म्हणेल, आता कायदाच बदलला. खरं आहे : औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे आणि तिच्यात स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी आहे. तुम्ही सव्वाशे. पण म्हणून तुम्ही लेखी दिलेली अट हवेत विरत नाही, आणि नैसर्गिक न्याय आकड्यावर अवलंबून नसतो. आरोप कळणं, तयारीला वेळ मिळणं, साक्षीदाराला प्रश्न विचारता येणं, निःपक्ष माणसासमोर बोलता येणं, हे दहा कामगारांच्या वर्कशॉपलाही चुकत नाही. शिकलेल्या मॅनेजरसमोर आठवीतला माणूस एकटा बसवून 'घे उलटतपासणी' म्हणणं यात बसतं का, ते मालकांनाच विचारा.

पुढाऱ्याच्या भीतीचं म्हणाल, तर ती मी हसण्यावारी नेत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावात एका माणसाच्या प्रकरणातून गेटवर सभा झाल्याचं मालकांनी पाहिलेलं असतं. पण पुढारी यायची वाट तुम्ही कशी उघडता बघा. खात्यातला माणूस आणायला मनाई केली, की कामगार संध्याकाळी कोणाच्या तरी ऑफिसात जाऊन बसतो. परवानगी दिली, की तो शेजारच्या मशिनवरच्याला घेऊन येतो. आणि कायदाही मर्यादा घालू देतो : क्रेसेंट डाइजच्या प्रकरणात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की स्थायी आदेशांत जितका हक्क दिला आहे तितकाच कामगाराला मागता येतो, बाहेरच्या कोणालाही आणता येत नाही. तुमच्याकडे संघटना नाही, तो कुठं सभासद नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग कोअर शॉपचाच माणूस. ओळ ठेवल्यानंच मालकांना हवी ती मर्यादा मिळते.

त्यानं मशिन शॉपमधल्या आपल्या मावसभावाला आणलं तर? अक्षरशः बघितलं तर तो 'त्याच खात्यातला' नाही. तरी बसू द्या. तुमचं काही जात नाही, आणि 'मला हवा तो माणूस मिळाला नाही' ही तक्रार कायमची मिटते. फक्त त्या रात्रीचा साक्षीदार असलेला माणूस बचाव प्रतिनिधी होऊ नये, एवढं बघा, आणि कारण लिहून ठेवा. जो येईल त्याची ती वेळ हजेरीत भरा. सोबतीला आलेल्याचा अर्धा दिवस कापला, तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही आणि तुम्ही हक्क कागदावर दिला एवढंच होईल.

आणि ती उत्तरं न देण्याची ओळ बदला. आपल्याकडचा बचाव प्रतिनिधी शोभेला नसतो. तो साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, कागद मागतो, म्हणणं मांडतो. कामगाराची स्वतःची साक्ष चालू असताना मात्र उत्तर कामगारानंच द्यायचं. बंधन असलंच तर एवढंच.

आता वेळ. मसुद्यात उद्या सकाळी दहा असं आहे. पाळीपत्रकात तो या आठवड्यात तिसऱ्या पाळीत दिसतोय, म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सात भट्टीच्या उष्णतेत काम, आणि तीन तासांनी चौकशी. तो घरी जाऊन परत येणार की गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहणार? अशा बैठकीत माणूस चिडतो, आणि ती चीड पुन्हा 'उद्धट वर्तन' म्हणून नोंदली जाते. तो पहिल्या पाळीत असेल असा आठवडा घ्या, सकाळी अकराची वेळ ठेवा, मशिनवर बदली माणूस द्या. म्हणजे बैठक कामाच्या वेळेत होईल आणि पगाराचा प्रश्नच येणार नाही.

किती दिवस आधी? या पत्रासाठी कायद्यात ठरावीक आकडा नाही, वाजवी अवधी हवा. मी सात पूर्ण दिवसांच्या खाली जात नाही, कारण त्यात एक साप्ताहिक सुट्टी येते आणि माणसाला कोणाशी तरी बोलता येतं. मंगळवारी ७ एप्रिलला पत्र हातात दिलंत तर गुरुवारी १६ एप्रिलला बैठक ठेवा. त्याच्या गावची यात्रा त्या दिवशी नाही ना, ते आधी विचारा. कोल्हापूर जिल्ह्यात एप्रिलमध्ये हे विचारणं रजिस्टर बघण्याइतकंच जरुरीचं आहे. जुलै-ऑगस्टची तारीख असेल तर पर्यायी तारीखही पत्रातच द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद होता, हे आठवा आणि गैरहजेरीचा अर्थ घाईनं लावू नका.

त्यानं पुढची तारीख मागितली तर पहिल्यांदा द्या, कारण विचारून छळू नका. ब्रिटनच्या त्या कायद्यात सोबत्याला वेळ नसेल तर कामगार पाच कामाच्या दिवसांच्या आतली दुसरी वेळ सुचवू शकतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही, पण पत्रात ठेवायला कल्पना चांगली आहे. दुसऱ्यांदा मागितली तर कारण लेखी घ्या. न सांगता आला नाही तर अर्धा तास थांबा, नोंद करा, पुढची तारीख द्या आणि त्या पत्रात लिहा की तेव्हाही गैरहजर राहिल्यास चौकशी एकतर्फी चालेल. एकतर्फी म्हणजे आपोआप दोषी नव्हे. तेव्हाही साक्षी घ्याव्या लागतातच.

हे सगळं धरून पत्र असं होईल :

> विषय : दि. … च्या आरोपपत्रासंदर्भात चौकशीची पहिली बैठक
>
> आपणांस दि. … रोजी दिलेले आरोपपत्र व त्यावर आपण दि. … रोजी सादर केलेला खुलासा पाहावा. दि. … रोजी दुसऱ्या पाळीत रात्री सुमारे १०.२० वाजता आपण कोअर शूटर मशिन सोडून गेलात व पर्यवेक्षकांना उद्देशून अपशब्द वापरलेत, असे तक्रारीत नमूद आहे. मशिन अडकल्याने देखभाल विभागास बोलावण्यासाठी गेलो होतो व अपशब्द वापरले नाहीत, असे आपल्या खुलाशात नमूद आहे. या दोन्ही म्हणण्यांची शहानिशा करण्यासाठी श्री. … यांची चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक केली आहे. व्यवस्थापनाने याबाबत कोणताही निष्कर्ष काढलेला नाही.
>
> पहिली बैठक गुरुवार, दि. १६ एप्रिल रोजी सकाळी ११ वाजता ट्रेनिंग रूममध्ये होईल. हा वेळ कामाचा वेळ धरला जाईल. या बैठकीत आरोप वाचून दाखवले जातील, कागदपत्रे व साक्षीदारांची यादी आपणांस दिली जाईल आणि पुढील तारीख ठरेल. या दिवशी साक्षी होणार नाहीत.
>
> आपण स्वतः बाजू मांडू शकता, किंवा आपल्या खात्यातील एका सहकाऱ्यास अथवा आपण ज्या कामगार संघटनेचे सभासद आहात तिच्या पदाधिकाऱ्यास बचाव प्रतिनिधी म्हणून आणू शकता. त्यांचे नाव शक्य असल्यास दि. १४ एप्रिलपर्यंत कळवावे; सहकाऱ्याचा तो वेळही कामाचा धरला जाईल. दिलेली वेळ आपणांस किंवा आपल्या प्रतिनिधीस सोयीची नसल्यास त्यापुढील पाच कामाच्या दिवसांतील दुसरी वेळ सुचवावी. कामकाज मराठीत चालेल; दुसरी भाषा हवी असल्यास कळवावे.
>
> आपण खुलाशात केलेल्या ओव्हरटाइमच्या तक्रारीबाबत स्वतंत्र पत्र देत आहोत.

'शक्य असल्यास' हे दोन शब्द मुद्दाम घातलेत. नाव आधी कळवलं नाही म्हणून प्रतिनिधीला दारातून परत पाठवायचं नाही.

शेवटच्या ओळीबद्दल. मालकांना दोन्ही विषय एका खुर्चीवर बसवायचे आहेत आणि तिथंच मला सर्वांत जास्त धोका दिसतो. एका विषयात कामगार आरोपी आहे, दुसऱ्यात तोच तक्रारदार. एकाच बैठकीत घेतलं की बोलणं सौद्यावर येतं : तू ओव्हरटाइमचं सोड, आम्ही चार्जशीट सोडतो. ते तुम्हाला समझोता वाटेल, त्याला दडपण वाटेल, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या कोणाच्या तरी कार्डावर तोच ओव्हरटाइम पुन्हा गायब होईल.

संहितेप्रमाणे २० किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी. मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, एकूण दहापर्यंत, महिला कामगारांच्या प्रमाणात महिलाही. तक्रार वर्षभरात करता येते आणि अर्ज आल्यापासून समितीनं ३० दिवसांत काम पुरं करावं अशी अपेक्षा आहे. तुमच्याकडे समिती आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर आधी ती करा. या बैठकीचं पत्र छोटं पुरे : तक्रार मिळाली, अमुक दिवशी समितीपुढे आपलं म्हणणं ऐकलं जाईल, सोबत सहकारी आणता येईल, ही तक्रार केल्याचा चौकशीवर परिणाम होणार नाही. सुपरवायझरचं म्हणणं वेगळ्या वेळी घ्या.

ही तक्रार चौकशीच्या आधी ऐका असं माझं मत आहे. शनिवार ११ एप्रिल चालेल. गेटवरच्या पंचिंगची नोंद आणि सुपरवायझरची ओव्हरटाइम शीट तीन महिन्यांची शेजारी ठेवली की तासाभरात कळतं. उदाहरणार्थ, दुसऱ्या पाळीचा माणूस अकराऐवजी वारंवार साडेबाराला बाहेर पडलेला दिसला आणि शीट कोरी असेल, तर प्रश्न फक्त त्याचा नाही. ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे आणि ती थकबाकी तुमच्या कंपनीची आहे. त्यानं शिवी दिलीच असेल तर ती त्यामुळे माफ होत नाही. पण तक्रारदाराचा हेतू, उलटतपासणीतले प्रश्न आणि शेवटी शिक्षेचं प्रमाण, या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. शीट बरोबर निघाली तर तेही आधी कळलेलं बरं. एक कागद मात्र आजच हातात घ्या : त्या रात्रीचं मेंटेनन्सचं ब्रेकडाउन रजिस्टर. १०.२० च्या आसपास कोअर शूटरची नोंद असेल किंवा नसेल, दोन्ही बाजूंना तो कागद लागणार आहे आणि पहिल्या बैठकीत त्याची प्रत कामगाराला द्यायची आहे. मी लेबर ऑफिसला फोन करायच्या आधी हे रजिस्टर बघितलं असतं.

पत्र द्यायचं कसं, तेही सांगते, कारण चांगलं पत्र इथं वाया जातं. पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. सगळ्या शॉपसमोर अपमान होतो आणि तटस्थ शब्दांचा उपयोग संपतो. टाइम ऑफिसमध्ये, बाजूला घेऊन, बंद पाकिटात द्या आणि दुय्यम प्रतीवर तारीख-वेळेसह सही घ्या. सही म्हणजे आरोप कबूल नव्हे, फक्त पोच, हे तोंडी सांगा. पुष्कळ कामगार त्या भीतीनंच सही करत नाहीत. तरीही नाकारलं तर सुपरवायझर सोडून इतर दोघांच्या सह्यांनी तशी नोंद करा आणि घरच्या पत्त्यावर पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा काउंटरवर नोंदणी आणि पोच दोन्ही मागून घ्या. पत्ता नेमणूकपत्रावरचा जुना नसून सध्याचा आहे ना, ते तपासा.

कडक वागण्याबद्दल मालकांना एक सांगा. चौकशी सदोष ठरली तरी कंपनी लेबर कोर्टात नव्यानं पुरावा देऊ शकते. १९७३ च्या फायरस्टोनच्या निकालापासून ते स्पष्ट आहे. पण तोवर काही वर्षं गेलेली असतात. सुपरवायझरनं दुसरी फाउंड्री धरलेली असते, रजिस्टर रद्दीत गेलेलं असतं, आणि ती रात्र कोणालाच नीट आठवत नसते. आज नऊ दिवस थांबणं त्यापेक्षा स्वस्त पडतं. मालक पैशाचं गणित लगेच समजतात, त्याच भाषेत बोला.

१६ तारखेला तो एकटाच आला, तर चौकशी अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा : 'बचाव प्रतिनिधी आणण्याची मुभा आहे हे पत्रातून समजलं का, आणि कोणी हवा आहे का?' त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. 'नको' म्हणाला तर तसं, 'पुढच्या तारखेला आणतो' म्हणाला तर तसं. मग कामकाजाच्या प्रत्येक पानावर त्याची सही आणि त्याच दिवशी त्याच्या हातात प्रत.